ताप उतरल्यानंतरची वही

फ्लूचा ताप पाच दिवसांत उतरला. अंगात पूर्वीची ताकद यायला मात्र महिना उलटून गेला. त्या पाच दिवसांसाठी डॉक्टर होते, गोळ्या होत्या, उशाशी थर्मामीटर होता आणि दर दोन तासांनी पुण्याहून लेकीचा फोन होता. पुढच्या महिन्यासाठी फक्त एक वाक्य होतं : ‘आता आराम करा आणि पौष्टिक खा.’ आराम किती करायचा, तो सोडायचा कधी, पौष्टिक म्हणजे नेमकं काय, हे कुणी सांगत नाही. सांगणाऱ्यांनाही ते माहीत नसतं, असं माझं आता मत झालं आहे.

मी सहासष्ट वर्षांची. साताऱ्यात शाळेत गणित शिकवण्यात सगळी नोकरी झाली. रकाने आखल्याशिवाय मला काही समजत नाही, म्हणून ताप उतरला त्या दिवशी शंभर पानी वही काढली. चार रकाने : सकाळची नाडी, रात्रीची झोप, दिवसभरात काय केलं, आणि दुसऱ्या दिवशी कसं वाटलं. यातला चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा ठरला. तो का, हे पुढे येईलच.

हा हिशेब २०२४च्या श्रावण-भाद्रपदातला आहे. १५ ऑगस्टला शाळेत झेंडावंदनाला गेले होते. सभागृहात निम्मी मुलं खोकत होती. सतरा तारखेला १०३ ताप, डोळ्यांच्या खोबणीमागे ठणका आणि मांड्या कुणी बुटांनी तुडवल्यासारख्या. आमचे डॉक्टर माझेच विद्यार्थी, अजून मला ‘बाई’ म्हणतात. ‘बाई, वय आणि बीपी बघता वाट बघायची नाही,’ म्हणून त्यांनी दुसऱ्याच दिवशी ऑसेल्टामिविरच्या गोळ्या सुरू केल्या. हे औषध लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत घेतलं तर सगळ्यात उपयोगी पडतं. साठी ओलांडलेल्यांनी, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी ‘बघू दोन दिवस’ म्हणू नये ते याचसाठी. अँटिबायोटिक दिलं नाही. फ्लू विषाणूचा असतो, त्यावर ते चालत नाही.

२२ ऑगस्ट, गुरुवार. ताप नाही. नाडी ९२. एरवी माझी सकाळची नाडी सत्तरच्या आसपास असते.

नाडी कशी मोजायची ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जाग आली की अंथरुणातच, उठण्याआधी, चहाच्या आधी, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवून पूर्ण साठ सेकंद मोजायची. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते. समोर भिंतीवर सेकंदकाटा असलेलं घड्याळ हवं. शरीर आतून अजून झगडत असेल तर हा आकडा चढा राहतो, आणि तब्येत सुधारते तसा तो खाली येतो. मात्र ज्यांना बीटा ब्लॉकरची गोळी चालू आहे त्यांची नाडी औषधानेच खाली ठेवलेली असते, आणि ज्यांचे ठोके मुळातच अनियमित आहेत त्यांचा आकडा भरवशाचा नसतो. त्यांनी नाडीवर विसंबू नये, बाकीचे तीन रकाने बघावेत.

त्या दिवशी पलंगावरून उठले आणि डोळ्यांपुढे काळं आलं. भिंत धरली म्हणून वाचले. आमच्या ह्यांनी बीपी मोजलं तर १०४ वर ६४. आठवडाभर घाम, खाणं नाही, पाणी जेमतेम, आणि वर बीपीची गोळी नेहमीसारखीच चालू! डॉक्टरांनी आकडे ऐकून काही दिवसांसाठी गोळीचा डोस कमी केला आणि सरबत, ताक, वरणाचं पाणी असं दिवसभर थोडं थोडं घ्यायला सांगितलं. आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही, पण आजारपणानंतर बीपी मोजून डॉक्टरांना कळवायचं, एवढं मात्र प्रत्येकाने करावं. म्हातारपणी तापानंतर बाथरूममध्ये पडून खुबा मोडतो त्याची सुरुवात पुष्कळदा अशीच होते. तेव्हापासून उठायची रीत ठरली : कुशीवर वळायचं, पाय खाली सोडून बसायचं, पावलं वरखाली हलवत मिनिटभर थांबायचं, मग उभं राहायचं.

२३ ऑगस्ट, शुक्रवार. आंघोळ केली. नोंदीत बाकी काहीच नाही, कारण त्या दिवशी दुसरं काही झालंच नाही. आंघोळ हे केवढं मोठं काम आहे हे धडधाकट माणसाला कळत नाही. उभं राहणं, वाकणं, हात वर करणं, गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैल होऊन बीपी आणखी उतरणं, हे सगळं त्या दहा मिनिटांत होतं. नंतर मी दोन तास पडून होते. पुढच्या दिवसापासून बाथरूममध्ये प्लास्टिकचं स्टूल ठेवलं, पाणी कोमट केलं, अंग पुसून गाऊन चढवला की तिथेच बसून श्वास घ्यायचा, आणि केस धुवायचे ते लेक आल्यावर.

२५ ऑगस्ट, रविवार. नाडी ८६. लेक आली. तिने स्वयंपाकघरात डोकावून विचारलं, ‘आई, तू दिवसभरात खाल्लंस काय?’ सकाळी मेतकूट घालून पेज, दुपारी मऊ भात आणि तूप, संध्याकाळी साबुदाण्याची खीर, रात्री कपभर दूध. ह्यांनी अगदी प्रेमाने केलं होतं सगळं. तिने कागदावर बेरीज मांडली. माझं वजन तीन किलोंनी उतरून ५५ झालेलं. म्हातारपणी आजारातून उठताना दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.२ ग्रॅम प्रथिनं तरी पोटात जायला हवीत. म्हणजे मला ६५ ग्रॅमच्या आसपास. त्या रविवारची माझी बेरीज वीसच्याही आत होती. पेज म्हणजे पाणी आणि पिष्ट. साबुदाण्यात तर प्रथिनं जवळजवळ नाहीतच. तोंडाला चव नसताना पेजेचा आधार खराच, पण तिच्यावर आठवडा काढला की माणूस पोट भरलेलं असूनही झिजत जातो.

मग जेवण असं ठरलं : सकाळी दोन उकडलेली अंडी आणि एक पोळी. दुपारी घट्ट मुगाचं वरण वाटीभर, पोळी, वाटीभर दही. चारला शेंगदाण्याचा लहानसा लाडू. रात्री परत वरण, पोळी आणि थोडं पनीर. सकाळी व झोपताना मोठा कप दूध. आकडे अंदाजाने धरले तरी पासष्टच्या घरात जातात. अंडं न खाणाऱ्यांनी पनीर, दही आणि डाळ वाढवावी. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र हे गणित डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. पहिले दोन दिवस मी हे सगळं औषधासारखं गिळलं, कारण जीभ पुठ्ठ्यासारखी झाली होती. लिंबाच्या जुन्या लोणच्याने वाचवलं.

त्याच रविवारी शेजारच्या वहिनी येऊन म्हणाल्या, ‘बाई, एक सलाईन लावून घ्या, ताकद येईल.’ आपल्याकडे हा सल्ला घरोघरी मिळतो आणि पुष्कळ जण पैसे मोजून बाटली लावून घेतात. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे पाच चमचे. साध्या सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं आणि बाकी पाणी. उलट्या थांबत नसतील, तोंडाने पाणी जात नसेल तेव्हा हीच बाटली जीव वाचवते. तोंडाने जेवता येणाऱ्याला तिच्यातून मिळणारी ताकद म्हणजे लिंबू सरबताची ताकद. वहिनींना हे सांगितलं नाही. त्यांनी केलेलं कुळथाचं पिठलं मात्र मागून घेतलं.

२७ ऑगस्ट, मंगळवार. गोपाळकाला. दिवसभर लाऊडस्पीकर. नाडी ८४. आज खुर्चीची चाचणी घेतली. डॉक्टरांनी सांगितलेली ही चाचणी साधी आहे. हात नसलेली, बसकी नव्हे अशी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. हात छातीवर घडी. तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजायचं, आणि शेजारी कुणीतरी उभं हवं. माझ्या वयाच्या बाईला अकरापेक्षा कमी वेळा जमलं तर पायांत सरासरीहून कमी ताकद आहे असं धरतात. पुरुषांसाठी तो आकडा बारा. मला सात वेळा जमलं आणि आठव्याला मांड्या थरथरायला लागल्या.

यामागचं कारण कळल्यावर ‘आराम करा’ या सल्ल्याचा रागच आला. धडधाकट वृद्धांना प्रयोगासाठी दहा दिवस नुसतं अंथरुणावर ठेवलं तेव्हा त्यांच्या पायांतला जवळजवळ किलोभर स्नायू गेला. आजार नव्हता, ताप नव्हता, तरी! माझ्या बाबतीत वर फ्लूही होता आणि पेजही. तापात पडून राहणं भागच असतं. ताप गेल्यावरही कुणी पडून राहिलं, तर त्याला अशक्तपणा वाटतो तो अर्धा आजाराचा आणि अर्धा पलंगाचा असतो. म्हणून त्या दिवसापासून दिवसातून तीन वेळा, जेवणाआधी, खुर्चीतून चार-पाच वेळा सावकाश उठबस. दम लागेपर्यंत नाही, मांड्यांना जाणवेल इतकीच.

आणखी एक गोष्ट वहीत वारंवार दिसते. ‘पेपर वाचला, कळला नाही.’ अग्रलेखाचा दुसरा परिच्छेद वाचताना पहिला निसटायचा. सोप्यातला सोपा सुडोकू अर्ध्यावर सोडला. गणिताच्या बाईला हे फार लागलं. डोकंही शरीराचाच भाग आहे आणि त्यालाही इंधन लागतं, हे विसरून आपण आजाऱ्याला ‘पडल्या पडल्या वाच काहीतरी’ म्हणतो. माझ्या बाबतीत पायांत ताकद आधी येऊ लागली आणि डोक्यात नंतर. बँकेची कामं, कागदपत्रांवर सह्या, पैशांचे व्यवहार या दिवसांत करू नयेत. मी वीजबिल दोनदा भरलं.

२९ ऑगस्ट, गुरुवार. नाडी ८०. घराबाहेर पडले. आमच्या फाटकापासून पहिला विजेचा खांब, तिथून परत. वेगाचा नियम एकच : चालताना शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तोडून श्वास घ्यावा लागला की थांबायचं. आमचे हे सोबत होते, त्यामुळे बोलायला विषय भरपूर होते. अंतर रोज वाढवायचं नाही हेही ठरलेलं. एकाच अंतराला दोन-तीन दिवस द्यायचे, सकाळची नाडी चढली नाही तरच पुढचा खांब. पोळ्याला, म्हणजे २ सप्टेंबरला, तिसऱ्या खांबापर्यंत गेले आणि कोपऱ्यावरच्या घरातली मातीची बैलजोडी बघून आले.

४ सप्टेंबर, बुधवार. नाडी ७४. झोप छान. खुर्ची ९. नोंदीत लिहिलंय, ‘आज अगदी पहिल्यासारखं वाटतंय.’ त्याखाली दोन रेघा मारल्या आहेत.

५ सप्टेंबर, गुरुवार. शिक्षक दिन. सकाळी दहाला जुने विद्यार्थी आले. दरवर्षी येतात. कुणी आता आजोबा झालेला, कुणाच्या केसांत माझ्याहून जास्त पांढरं. मी साडी नेसून हॉलमध्ये बसले होते. मुलं नमस्कार करायची तेव्हा उठायचे, फोटोला उभी राहायचे, गप्पांना तर अंतच नव्हता. दुपारी एकपर्यंत हे चाललं. संध्याकाळी आणखी काही जण. चालणं त्या दिवशी शून्य. वहीत ‘काय केलं’ या रकान्यात लिहायला जागा असूनही मी लिहिलं, ‘काही विशेष नाही, बसून होते.’ रात्री आनंदाने झोप लागेना.

६ सप्टेंबर, शुक्रवार. हरतालिका. नाडी ७८. घसा बसलेला, खोकला जरा वाढलेला, पण हिंडतीफिरती होते. उपास केला नाही. पाणीही न पिता दिवस काढायचा हा उपास, आणि बीपी नुकतंच कुठे ११८वर आलेलं. वहिनींच्या चेहऱ्यावर नाराजी दिसली. शंकर-पार्वतीला माझी परिस्थिती कळत असावी.

७ सप्टेंबर, शनिवार. गणेश चतुर्थी. नाडी ८७. सकाळी उठवेना. हात-पाय शिशाचे. ह्यांनीच प्राणप्रतिष्ठा केली, मी पाटावर बसूनही दमले म्हणून आरतीच्या वेळी खुर्ची घेतली. मोदक शेजारून आले. दुपारी खुर्चीची चाचणी घ्यायचं धाडसही झालं नाही.

चौथ्या रकान्याचं मोल त्या दिवशी समजलं. श्रमाचं बिल त्याच दिवशी येत नाही, दुसऱ्या दिवशीही पूर्ण येत नाही. मला ते दोन सकाळी उलटल्यावर आलं. माणूस फसतो तो यामुळेच. त्याने काल काय केलं ते आठवतो, कालच्यात काही सापडत नाही आणि मग ‘आजार उलटला’ म्हणून घाबरतो किंवा ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून स्वतःवर चिडतो. वहीत मागे दोन दिवस बघितलं की उत्तर समोर असतं. दुसरं, बोलणं म्हणजे विश्रांती नव्हे. तीन तास बोलताना श्वास, घसा, लक्ष, चेहऱ्यावरचं हसू, समोरच्याचं नाव आठवणं, सगळं चालू असतं. आजाऱ्याला भेटायला जाणाऱ्यांना माझी विनंती : दहा मिनिटं बसा, दोन-दोनच्या गटाने या आणि त्याला उठू देऊ नका. ज्याच्या घरी कार्यक्रम टळण्यासारखा नाही त्याने तो एका तासात संपवावा आणि पुढचे दोन दिवस रिकामे ठेवावेत.

त्या शनिवारी घाबरलो आम्ही दोघंही. म्हणून आधी काही गोष्टी तपासल्या, आणि त्या प्रत्येकाने याच क्रमाने तपासाव्यात. ताप? ९८. बसल्या जागी दम? नाही. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९७. छातीत दुखणं नाही, कफ पांढरा आणि थोडा, लघवी नेहमीसारखी, भान ठीक. तेव्हा ही नुसती थकव्याची घसरण होती. डॉक्टरांनी फोनवर तेच सांगितलं.

पण उलट घडलं असतं तर फोनवर भागलं नसतं. ताप जाऊन एक-दोन दिवस बरं वाटलं आणि मग पुन्हा थंडी वाजून ताप भरला, पिवळा-हिरवा किंवा तांबूस कफ पडू लागला, तर फ्लूच्या पाठीमागून न्यूमोनिया आल्याची ती खूण असू शकते. बोलताना दम लागणं, ऑक्सिजन ९४च्या खाली राहणं, माणसाने असंबद्ध बोलणं, दिवसभर लघवी न होणं यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. छातीत दडपण आलं, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला तर तासाचीही वाट बघायची नाही. फ्लू झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता एरवीपेक्षा कितीतरी वाढलेली असते, हे सिद्ध झालेलं आहे. फ्लूला ‘साधा ताप’ म्हणणाऱ्यांना हे ऐकवायला हवं.

घसरणीनंतर काय करायचं? मी दोन दिवस सगळं निम्म्यावर आणलं. चालणं पहिल्या खांबापर्यंत, उठबस दिवसातून एकदाच, पाहुणे बंद. पूर्ण झोपून राहिले नाही, कारण पलंगाचा धडा आधी मिळालेला होता. १० तारखेला नाडी ७९.

आणि १० तारखेलाच गौरी यायच्या. आमच्याकडे उभ्याच्या गौरी असतात. मुखवटे, साड्या, दागिने, फराळ, सोळा भाज्या, पुरण. दरवर्षी हे सगळं माझ्या अंगावर. या वेळी लेकीने आणि मी कामं कागदावर मांडली आणि प्रत्येकापुढे लिहिलं : बसून होईल का, हात खांद्याच्या वर जातात का, मध्येच सोडता येईल का. या तीन प्रश्नांनी सगळा डोंगर उलगडला. भाज्या निवडणं, वाती वळणं, दूर्वांच्या जुड्या, नैवेद्याची पानं वाढणं ही बसून करायची कामं माझ्याकडे. गौरींना साड्या नेसवताना हात सतत वर असतात आणि मध्येच थांबता येत नाही, ते लेकीने केलं. पुरण शिजवून वाटणं म्हणजे आचेपुढे उभं राहणं, म्हणून पोळ्या विकत आणल्या. त्या चांगल्या होत्या, एवढंच म्हणते.

हात वर करण्याचं प्रकरण मला आधी ठाऊक नव्हतं. नाडी मोजण्याचा छंद लागला होता म्हणून एकदा गंमत म्हणून बघितलं. जमिनीवर बसून कपड्यांच्या घड्या केल्या तेव्हा ८४. तेवढेच कपडे उभं राहून दोरीवर वाळत घातले तेव्हा १०६, आणि खांदे भरून आले. कपडे तेच, वेळ साधारण तेवढाच. तेव्हापासून वाळत घालणं कामाच्या मावशींकडे गेलं आणि दोरी खाली आली, ती आता खालीच राहणार आहे.

१२ सप्टेंबरला गौरी-विसर्जन झालं. १३ला नाडी ७६, १४ला ७५. दोन्ही सकाळी मी धडधडत्या मनाने घड्याळाकडे बघत होते. आकडा चढला नाही. सण झाला, आणि बिल आलं नाही.

पुढच्या नोंदी कंटाळवाण्या आहेत, आणि ते बरंच आहे. अनंत चतुर्दशीला नाडी ७४, खुर्ची १०. मिरवणूक गॅलरीतून बघितली. १९ला अग्रलेख पूर्ण वाचला आणि त्याच्याशी असहमतही झाले. २१ला बाजारात जाऊन भाजी आणली, पिशवी ह्यांच्या हातात. २४ सप्टेंबरला नाडी ७१, खुर्ची १२. चारभिंतीच्या टेकडीची चढण अजून केलेली नाही. डॉक्टर म्हणतात, सपाटीवर अर्धा तास न थांबता चालून सलग दोन सकाळी नाडी जागेवर राहिली की टेकडीला हात घाला. खोकला रात्री एखाद-दुसऱ्या वेळी येतो. वजन ५७.

माझी चाल सगळ्यांना लागू होईल असं नाही. तरुण माणूस आठवड्या-दीड आठवड्यात कामाला लागतो, आणि मधुमेह असलेल्या सत्तरीच्या माणसाला दीड-दोन महिनेही लागू शकतात. पण चाल कुठल्या दिशेने आहे ते आकड्यांवरून दिसलं पाहिजे. आठवड्यामागून आठवडा बघितला तर नाडी उतरत आणि खुर्चीचा आकडा चढत गेला पाहिजे. चार आठवडे होऊन गेले आणि दोन्ही जागच्या जागी असतील तर ‘फ्लूचाच अशक्तपणा आहे’ म्हणत बसू नये. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-१२ यांची तपासणी करून घ्यावी. आजारपण कधीकधी आधीपासून लपलेली गोष्ट वर काढतं. आणि थोडे श्रमही महिनोन्महिने दोन-दोन दिवस झोपवत असतील तर जबरदस्तीने व्यायाम वाढवू नये. तो थकवा वेगळा असतो आणि तो डॉक्टरांपुढेच मांडायचा असतो.

फ्लूची लस बहुतेक वर्षी बदलते आणि दरवर्षी घ्यावी लागते. तिचं संरक्षण उभं राहायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून आपल्याकडे पावसाळ्याआधी घेतलेली बरी. २०२४मध्ये आम्ही दोघांनीही घेतली नव्हती. त्यापुढच्या मे महिन्याच्या पानावर ते लिहून ठेवलं.

तुमच्या घरात कुणी तापातून उठत असेल तर वही आजच द्या. ताप गेल्यानंतरच्या पहिल्या सकाळी पहिली नोंद करा, आणि बरं वाटू लागलं म्हणून लिहिणं थांबवू नका. नोंदी सगळ्यात जास्त लागतात त्या बरं वाटू लागल्यानंतरच्या दोन आठवड्यांत.